नोकरीच्या ग्रुपमध्ये पिन करायचा नियमसंदेश : मसुदा तपासून हवा आहे

इंद्रायणीकाठ

नमस्कार. चाकण, भोसरी, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांमधील नोकऱ्यांची माहिती देणारा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी आणि माझे दोन मित्र चार वर्षांपासून चालवत आहोत. ग्रुपमध्ये सध्या सुमारे आठशे सदस्य आहेत. त्यांतले बहुतेक आयटीआय किंवा डिप्लोमा झालेले असून ते जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांतले आहेत, तर काही जण मराठवाड्यातून येऊन भोसरीत खोली घेऊन राहतात. आजवर आम्ही एकही लेखी नियम केला नव्हता, कारण माहिती येते आहे तोवर ती येऊ द्यावी असे आम्हांला वाटत होते. ती आमची चूक होती.

गेल्या महिन्यात ग्रुपवर पुढील संदेश आला : ‘उद्या सकाळी ९ वाजता थेट मुलाखत. चाकण एमआयडीसी. फिटर, वेल्डर, हेल्पर. पगार २२,०००. इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा.’ खाली एक मोबाइल क्रमांक होता. ओतूरचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघाला, चाकणला उतरला आणि फोन लावू लागला, तर क्रमांक बंद होता. कोणत्या कंपनीत जायचे हेच ठाऊक नसल्यामुळे त्याने दुपारपर्यंत चार-पाच कंपन्यांच्या गेटवर चौकशी केली आणि अखेर मला फोन केला. शोध घेतल्यावर तोच संदेश दुसऱ्या एका ग्रुपवर दोन महिन्यांपूर्वी येऊन गेल्याचे आढळले. त्यात तारीखच नव्हती, त्यामुळे तो ज्या दिवशी पुढे पाठवला जाई त्या दिवशी त्यातला ‘उद्या’ पुन्हा खरा वाटत असे.

म्हणून पुढील संदेश पिन करण्याचा विचार आहे :

‘नोकरीची माहिती टाकताना कंपनीचे नाव, पगार, ठिकाण आणि संपर्क या चार गोष्टी लिहिणे बंधनकारक आहे. मुलाखतीची तारीखही लिहावी. अपूर्ण माहिती काढून टाकली जाईल.’

हा मसुदा पुरेसा आहे का, आणि प्रत्यक्षात पाळला जाईल का, हे ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे.

पगारपत्रक

मी अकरा वर्षे भोसरीत आणि नंतर चाकणला वेतन विभागात काम करते आहे, म्हणून फक्त ‘पगार’ या शब्दाविषयी लिहिते. तुमच्या मसुद्यात तोच सर्वांत सैल राहिला आहे. ‘पगार २२,०००’ असे लिहिणारा माणूस तुमचा नियम तंतोतंत पाळतो आणि तरीही वाचणाऱ्याच्या हाती १६,००० सुद्धा पडत नाहीत. हे कसे होते ते एका उदाहरणाने दाखवते.

समजा, आठ तासांच्या पाळीसाठी एकूण पगार १८,००० आहे आणि त्यातील मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० आहेत. कामगाराच्या पगारातून १४,००० च्या १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये भविष्य निर्वाह निधीला जातात, १८,००० च्या पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये ईएसआयला जातात आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हातात १५,९८५ रुपये येतात. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापले जात असतील तर ते आणखी वेगळे.

आता हाच पगार कंपनीच्या बाजूने पाहा. १८,००० मध्ये कंपनीचा निधीचा वाटा प्रशासन खर्चासह सुमारे १,८२०, ईएसआयचा वाटा ५८५, बोनससाठी ८.३३ टक्क्यांनी १,१६६ आणि ग्रॅच्युइटीसाठी ६७३ मिळवले की बेरीज २२,२४४ होते. यालाच सीटीसी म्हणतात आणि ग्रुपवर येणारा आकडा बहुधा हाच असतो. टाकणाऱ्याला खोटे बोलल्यासारखे वाटतही नाही, कारण त्याच्या कागदावर तोच आकडा असतो. मुलगा मात्र २२,००० धरून खोलीचे भाडे ठरवतो आणि पहिल्या महिन्यालाच उसने मागतो.

म्हणून ‘पगार’ हा शब्द काढून टाकावा आणि त्याऐवजी ‘आठ तासांच्या पाळीला, सर्व कपात झाल्यावर हातात येणारी रक्कम’ असे लिहावे. वाक्य लांब होईल, परंतु त्यातून पळवाट राहणार नाही.

देहूरोड_७७

ताईंचा मुद्दा योग्य आहे, परंतु आकड्यात दुरुस्ती करावीशी वाटते. निधीची कपात सर्वांची सरसकट १,८०० रुपयेच होते. माझी आठ वर्षे तेवढीच होते आहे.

पगारपत्रक

तुमचे मूळ वेतन १५,००० किंवा त्याहून अधिक असेल आणि तुमची कंपनी १५,००० च्या मर्यादेवरच वर्गणी भरत असेल, म्हणून तुमची कपात १,८०० होते. मूळ वेतन १४,००० असेल तर कपात १,६८० च होईल, आणि काही कंपन्या मर्यादा न धरता पूर्ण मूळ वेतनावर कापतात, तिथे ती १,८०० च्या वर जाते. व्यवसाय करही सर्वांना सारखा नाही. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे, त्यामुळे वरच्याच उदाहरणात मुलगी असेल तर तिच्या हाती १६,१८५ येतील. नेमके हेच कारण आहे की ग्रुपवरच्या वाचणाऱ्याला हिशेब करायला लावू नये. टाकणाऱ्याने हातातली रक्कम विचारून घ्यावी आणि मगच लिहावी.

शिफ्ट_सुपरवायझर

आठ तास हा शब्द कृपया कोणत्याही परिस्थितीत वगळू नका. माझ्या माहितीतल्या अनेक जाहिरातींमधली रक्कम बारा तासांची असते आणि रोजचे चार तास ओव्हरटाइम त्यात आधीच मिसळलेला असतो. काम कमी झाले की ओव्हरटाइम बंद होतो आणि पगार एकाएकी उतरतो. कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो, असा कायदा आहे, तरीही अनेक ठिकाणी साधाच दर मिळतो. म्हणून ओव्हरटाइमचा दरही लिहायला लावावा, असे मला वाटते.

पगारपत्रक

मागणी योग्य असली तरी साधा दर देणारा कंत्राटदार ‘आम्ही साधा दर देतो’ असे लेखी कशाला देईल? तो एकतर खोटे लिहील किंवा तुमच्या ग्रुपवर लिहिणेच बंद करील. आठ तासांची रक्कम वेगळी लिहून घेणे एवढेच नियमाने साधेल.

मनुष्यबळ_पुरवठा

मी कंत्राटदार आहे. माझ्यासारखे लोकच या ग्रुपवर सर्वाधिक माहिती टाकतात, म्हणून आमची अडचणही ऐकून घ्यावी. हातात येणारी रक्कम, तारीख, ठिकाण आणि संपर्क हे सर्व लिहायला माझी हरकत नाही. कंपनीचे नाव मात्र मला ग्रुपवर लिहिता येत नाही. पहिले कारण असे की नाव लिहिले की शंभर जण थेट गेटवर जाऊन उभे राहतात, सुरक्षारक्षक एचआरला फोन करतो आणि एचआर माझ्यावर रागावते. दुसरे कारण असे की त्याच दिवशी दुसरा कंत्राटदार तिथे जाऊन एका माणसामागे पन्नास रुपये कमी सेवाशुल्क सांगतो. शिवाय एका कंपनीबरोबरच्या माझ्या करारातच तिचे नाव जाहिरातीत वापरू नये, असे कलम आहे. नियम सक्तीचा केलात तर मी दुसऱ्या ग्रुपवर जाईन, आणि हे मी धमकी म्हणून सांगत नाही.

वेल्डर_मंचर

कंपनीचे नाव का हवे ते मी माझ्या अनुभवावरून सांगतो. मी एका कारखान्यात एका कंत्राटदाराकडून सात महिने काम केले आणि मग आम्हा सर्वांनाच ब्रेक दिला गेला. दीड वर्षानंतर ग्रुपवरची माहिती वाचून दुसऱ्या कंत्राटदाराला फोन केला, त्याने नाव न सांगता कागदपत्रांसह चौकात बोलावले, गाडीत बसवले आणि गाडी त्याच जुन्या गेटवर नेली. आधार क्रमांक टाकताच आधीची नोंद दिसली आणि ‘पूर्वी इथे काम केलेले चालत नाहीत’ असे सांगून मला परत पाठवले. हाताला काम असताना मी त्या दिवसाची हजेरी बुडवून गेलो होतो. नाव आधी कळले असते तर मी घरातून निघालोच नसतो, आणि कंत्राटदाराचाही वेळ वाचला असता.

मनुष्यबळ_पुरवठा

हा मुद्दा मला मान्य आहे. ग्रुपवर नाव न लिहिता, फोन करणाऱ्याला मात्र तो निघण्यापूर्वी नाव सांगणे आम्हांला शक्य आहे. ग्रुपवर मी माझ्या फर्मचे नोंदणीकृत नाव लिहीन, कोणत्या मालाचा कारखाना आहे ते लिहीन, म्हणजे वायरिंग हार्नेस, प्रेस शॉप, रबर मोल्डिंग वगैरे, आणि गाव लिहीन.

दक्षता_खेड

मी या तडजोडीच्या विरोधात आहे. फसवणारा माणूससुद्धा ‘फोनवर सांगतो’ असेच म्हणतो. नावाशिवाय आलेली माहिती खरी आहे की खोटी हे ताडून पाहण्याचे कोणतेही साधन वाचणाऱ्याकडे उरत नाही. कंत्राटदारांची स्पर्धा हा त्यांचा प्रश्न आहे, नोकरी शोधणाऱ्याने त्याचा भार का वाहावा?

आकांक्षा_जाधववाडी

नमस्कार, मी डिप्लोमा मेकॅनिकल असून क्वालिटी विभागात दीड वर्षाचा अनुभव आहे. मला पहिल्या पाळीची नोकरी हवी आहे. बायोडेटा कोणत्या क्रमांकावर पाठवावा?

इंद्रायणीकाठ

आकांक्षा, हा धागा ग्रुपच्या नियमांविषयी आहे, येथे बायोडेटा घेतला जात नाही. आपण मला निरोप पाठवावा, मी आपल्याला ग्रुपची लिंक देतो. कृपया येथे आपला क्रमांक लिहू नये.

मात्र यावरून लक्षात आले की नोकरी शोधणाऱ्यांच्या ‘मला काम हवे आहे’ अशा संदेशांचे काय करायचे हेही ठरवायला हवे. सध्या अशा संदेशांखाली खरी माहिती दबून जाते.

एचआर_होते

संपर्काविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. मी एका कंपनीच्या भरती विभागात असताना कोणीतरी माझा वैयक्तिक क्रमांक विचारल्याशिवाय अशाच एका ग्रुपवर टाकला. बारा जागा होत्या आणि त्या दोन दिवसांत भरल्या, पण फोन चार महिने येत राहिले, रात्री अकरानंतरही येत राहिले, आणि त्यांतले काही नोकरीसाठी नव्हतेच. शेवटी मी पंधरा वर्षांचा क्रमांक बदलला.

म्हणून संपर्क लिहिताना तीन गोष्टी पाहाव्यात. ज्याचा क्रमांक आहे त्याची परवानगी घेतलेली असावी, त्या व्यक्तीचे नाव आणि ती कंपनीची आहे की कंत्राटदाराची हे लिहिलेले असावे, आणि कोणत्या वेळेत फोन करावा ते दिलेले असावे. कंपनीचा ईमेल पत्ता असेल तर तो कंपनीच्या स्वतःच्या नावाचा आहे ना, एवढे पाहावे. मोठ्या कंपनीच्या नावाने फुकट मिळणाऱ्या ईमेलवरून पत्रे येत असतील तर ती टाकूच नयेत. जागा भरल्या की टाकणाऱ्याने स्वतःच्या संदेशाला उत्तर देऊन ‘जागा भरल्या’ असे लिहावे, हे तर मी हात जोडून सांगते.

रांजणगाव_लाइन३

माझ्या भावाकडून एकाने ‘गेटपास आणि युनिफॉर्म’ म्हणून १,५०० रुपये ऑनलाइन घेतले आणि नंतर त्याला ब्लॉक केले. ती माहितीही ग्रुपवरूनच मिळाली होती आणि त्यात कंपनीचे नाव, पगार, ठिकाण, संपर्क हे चारही लिहिलेले होते. त्यामुळे चार गोष्टी लिहिल्या म्हणजे माहिती खरी ठरली, असा समज होऊ नये.

दक्षता_खेड

पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या क्रमांकावर आजच फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी फोन गेला तर ते थांबवता येण्याची शक्यता असते. रक्कम लहान आहे म्हणून गप्प राहू नये, कारण तोच क्रमांक इतरांच्या तक्रारींतही असू शकतो.

इंद्रायणीकाठ

ही बाब माझ्या मसुद्यात नव्हती आणि ती असायलाच हवी होती. नोंदणी, गेटपास, युनिफॉर्म, वैद्यकीय तपासणी किंवा अन्य कोणत्याही नावाने नोकरी शोधणाऱ्याकडून आधी पैसे मागणारी माहिती ग्रुपवर येणार नाही, असे वाक्य मी घालतो.

शिफ्ट_सुपरवायझर

ठिकाणाविषयीही थोडे. ‘चाकण एमआयडीसी’ हे ठिकाण नव्हे. निघोजे, कुरुळी, खराबवाडी, खालुंब्रे, सावरदरी, वराळे ही सगळी गावे लोकांच्या बोलण्यात चाकणच असतात आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सकाळच्या वाहतुकीत तास सहज जातो. त्यात महाळुंगे दोन आहेत, एक चाकणजवळचे महाळुंगे इंगळे आणि दुसरे बालेवाडीला लागून असलेले. आमच्याकडे मुलाखतीला येणारा एक जण बालेवाडीच्या महाळुंग्यात पोचून तिथून फोन करत होता, आणि तो येईपर्यंत जागा भरली होती.

गावाबरोबर कंपनीची बस कोणत्या थांब्यांवरून आहे तेही लिहावे. तिसरी पाळी सुटते तेव्हा सावरदरीहून भोसरीला यायला बस नसेल तर ज्याच्याकडे दुचाकी नाही त्याच्यासाठी ती नोकरी नाहीच.

तांत्रिक_मदत

तुम्ही ‘पिन करणार’ असे लिहिले आहे, पण त्यातली एक अडचण लक्षात घ्या. व्हॉट्सॲपवर संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठीच पिन होतो, कायमचा होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जो सदस्य संदेश पाठवल्यानंतर सामील होतो त्याला सर्वसाधारणपणे तो जुना संदेश दिसतच नाही, म्हणजे ज्याला नियमांची सर्वांत अधिक गरज आहे त्या नव्या माणसापर्यंतच ते पोचत नाहीत. म्हणून मूळ नियम ग्रुपच्या वर्णनात, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये ठेवावेत, ते सर्वांना केव्हाही दिसते. तिथे २,०४८ अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते, त्यामुळे मजकूर आटोपशीर हवा. पिनचा संदेश दर महिन्याला नव्याने पाठवून पुन्हा पिन करावा. पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही, तेव्हा आधी वाचून घ्यावा.

दुसरे असे की अनेक वेळा पुढे पाठवलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो. असा संदेश जसाच्या तसा स्वीकारू नये. टाकणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर स्वतः एक फोन करावा आणि मग माहिती आपल्या शब्दांत नव्याने लिहावी. ओतूरच्या मुलाची फेरी त्या एका फोनने वाचली असती.

इंद्रायणीकाठ

सर्वांचे आभार. सुधारलेला संदेश देत आहे. हाच वर्णनात राहील आणि दर महिन्याच्या १ तारखेला पुन्हा पाठवून पिन केला जाईल.

‘या ग्रुपवर नोकरीची माहिती टाकण्यापूर्वी दिलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून ती आजही खरी आहे याची खात्री करावी. दुहेरी बाण असलेले संदेश तसेच पुढे पाठवू नयेत. माहितीत पुढील गोष्टी असाव्यात.
कंपनी : कंपनीचे नाव, आणि नोकरी कंपनीच्या रोलवर आहे, कंत्राटावर आहे की अप्रेंटिस म्हणून आहे. कंत्राटदाराला कंपनीचे नाव लिहिता येत नसल्यास त्याने आपल्या फर्मचे पूर्ण नाव व कारखान्यात काय तयार होते ते लिहावे आणि उमेदवार घरून निघण्यापूर्वी त्याला कंपनीचे नाव सांगावे.
पगार : आठ तासांच्या पाळीला सर्व कपात झाल्यावर हातात येणारी रक्कम. ओव्हरटाइमची रक्कम त्यात मिळवू नये. सीटीसी लिहू नये.
ठिकाण : गाव, जवळची खूण, आणि कंपनीची बस असल्यास तिचे थांबे.
संपर्क : व्यक्तीचे नाव, ती कंपनीची की कंत्राटदाराची, फोन करण्याची वेळ. क्रमांक परवानगीनेच द्यावा.
तारीख : मुलाखतीचा दिवस, महिना आणि वर्ष. “उद्या” किंवा “आज” असे लिहू नये. जागा भरल्यावर तसे कळवावे.
उमेदवाराकडून कोणत्याही नावाने पैसे मागणारी माहिती टाकणाऱ्यास त्वरित काढले जाईल. एखादी गोष्ट राहिलेली असल्यास ॲडमिन संदेश काढतील आणि टाकणाऱ्यास काय राहिले ते कळवतील. पूर्ण करून तो पुन्हा टाकता येईल. काम हवे असलेल्यांनी आपली माहिती फक्त रविवारी टाकावी.’

दक्षता_खेड

कंत्राटदारांना दिलेली सवलत मला अजूनही मान्य नाही. निदान त्यांनी कंपनीचे नाव ॲडमिनना तरी आधी कळवावे.

मनुष्यबळ_पुरवठा

ॲडमिन दुसऱ्या कोणाला ते सांगणार नाहीत, याची खात्री मला कोण देणार? आमच्या व्यवसायात नाव एकदा बाहेर गेले की परत घेता येत नाही.

वेल्डर_मंचर

निघण्यापूर्वी नाव सांगणार असाल तर माझ्यापुरते तेवढे पुरेसे आहे. पण फोनवर सांगितलेले नाव आणि गाडी जिथे नेऊन उभी करते त्या गेटावरचे नाव वेगळे निघाले, तर ग्रुप काय करणार, हे नियमात आलेले नाही.

इंद्रायणीकाठ

तशी तक्रार आली तर त्या कंत्राटदाराची माहिती तीन महिने घ्यायची नाही, असे आम्हां तिघांपैकी दोघांचे मत आहे. तिसऱ्या मित्राला हे एकाच तक्रारीवर करणे अन्यायाचे वाटते, कारण बऱ्याचदा आदल्या रात्री एका प्लांटची मागणी रद्द होते आणि सकाळी माणसे दुसरीकडे न्यावी लागतात. तोपर्यंत वरचा संदेश उद्या, १ तारखेला लावतो आहे आणि नाव वेगळे निघाल्याच्या तक्रारी माझ्या वहीत तारखेसह लिहून ठेवतो.

पगारपत्रक

एक दुरुस्ती लावण्यापूर्वी करावी. अप्रेंटिसला पगार नव्हे तर विद्यावेतन मिळते आणि त्यातून निधी किंवा ईएसआय कापला जात नाही. त्या ओळीत ‘अप्रेंटिस असल्यास विद्यावेतन आणि किती महिन्यांसाठी’ एवढे शब्द वाढवा. नाहीतर १२,००० च्या अप्रेंटिसशिपची तुलना मुले १६,००० च्या नोकरीशी करतील, आणि मुदत संपल्यावर ती जागा राहणारच नाही हे त्यांना तेव्हाच कळेल.

इंद्रायणीकाठ

वाढवले आहे.